दोघी मीनेच्या, पण शनी एकाच महिन्यात येत नाही

प्रश्न: पेपरात रोज येणारं राशिभविष्य इतकं मोघम का असतं? आणि ‘पर्सनल ट्रान्झिट रीडिंग’ म्हणून पैसे घेऊन सांगतात, त्यात नेमकं वेगळं काय असतं?

मी तीनेक वर्षं एका दैनिकासाठी हा रकाना लिहिला आहे. एका राशीला तीस-पस्तीस शब्द आणि मजकूर दोन दिवस आधी द्यायचा, असा हिशेब होता. एकदा पान लावताना धनू आणि मकर यांच्या मजकुराची अदलाबदल झाली. मी दिवसभर फोनची वाट पाहिली. एकच फोन आला, तोही शुभरंग का छापला नाही म्हणून.

तरी हा मजकूर निव्वळ मनाने रचलेला नसतो. तुमची रास मीन असेल, तर लिहिणारा मीन हेच पहिलं स्थान धरतो. आज चंद्र धनूत असेल, तर मीनेपासून धनू दहावी, म्हणजे कर्मस्थान. मग तुमच्यासाठी नोकरी, वरिष्ठ, कामाचा ताण असं काहीतरी निघतं. मिथुनेपासून तीच धनू सातवी येते, म्हणून त्यांच्या वाट्याला जोडीदार आणि भागीदारी. आकाश एकच, फक्त चक्र बारा वेळा फिरवायचं. त्यात चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस राहतो, म्हणजे विषय दोन-तीन दिवस तोच आणि शब्द मात्र रोज नवे हवेत. ‘वरिष्ठांशी जुळवून घ्या’ आणि ‘कार्यालयात संयम ठेवा’ ही एकाच चंद्राची दोन वाक्यं आहेत.

मोघमपणाचं खरं कारण मात्र ही पद्धत नसून तिला मिळणारी माहिती आहे. लिहिणाऱ्याला तुमच्याबद्दल एकच गोष्ट कळते, ती म्हणजे तुम्ही वर्षातल्या कुठल्या तीस दिवसांत जन्मलात. जगाची लोकसंख्या 800 कोटी धरली, तर एका राशीत सरासरी 66-67 कोटी माणसं. त्यात शाळकरी मुलगा आहे, निवृत्त आजोबा आहेत, आज ऑपरेशन असलेली बाईही आहे. या सगळ्यांना लागू पडेल असं वाक्य लिहायचं, तर त्यातून एकेक खरी गोष्ट काढून टाकावी लागते. उरतं ते ‘आर्थिक व्यवहार जपून करा’.

सूर्यरासच का घेतली, याचं उत्तरही साधं आहे: ती वाढदिवसावरून कळते. लंडनच्या ‘संडे एक्सप्रेस’ने ऑगस्ट 1930 मध्ये आर. एच. नेलर यांच्याकडून नुकत्याच जन्मलेल्या राजकन्या मार्गारेटचं भविष्य लिहून घेतलं. ते वाचकांना आवडलं आणि पुढे काही वर्षांतच बारा राशींचा रकाना रुळला. चंद्ररास किंवा लग्न, म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्वेला उगवणारी रास, काढायला कोष्टकं लागली असती, सूर्यराशीला फक्त जन्मतारीख पुरते. (आपल्याकडे गोंधळ आणखी वाढतो. पत्रिकेतली ‘रास’ चंद्राची असते आणि तारखा छापलेला रकाना सायन, म्हणजे ऋतूंवरून मोजलेल्या राशींतल्या सूर्याचा. त्यामुळे 5 एप्रिलला जन्मलेला माणूस रकान्यात मेष, पत्रिकेत तूळ आणि निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेला सूर्य पाहिला तर मीन, असं सहज होऊ शकतं. कुठलं वाचायचं, हे त्याला कोणीच सांगत नाही.)

आता ट्रान्झिटकडे, म्हणजे गोचराकडे येतो: ग्रह आज कुठे चालले आहेत, ते जन्मपत्रिकेशी ताडून पाहणं. माझ्या दोन मावसबहिणी आहेत. थोरली 25 फेब्रुवारीची, धाकटी 17 मार्चची. रकान्यात दोघी मीन. शनी मार्च 2023 मध्ये सायन मीनेत आला आणि फेब्रुवारी 2026 मध्ये तिथून निघाला. मधे 2025 च्या मे ते ऑगस्टमध्ये तो मेषेत डोकावून आला, तेवढं सोडा. पेपराच्या लेखी दोघींवर ही तीन वर्षं सारखीच.

वैयक्तिक वाचनात राशीऐवजी अंश पाहतात. थोरलीचा सूर्य मीनेच्या साधारण 6 अंशांवर आहे, धाकटीचा 27 वर. एफिमेरिस, म्हणजे ग्रहांच्या रोजच्या स्थानांची कोष्टकं, उघडून शनी त्या अंशावर कधी येतो ते बोटाने शोधायचं. थोरलीच्या 6 अंशांवर तो मे 2023 च्या सुरुवातीला आला, मग वक्री होऊन जुलैअखेरीस मागे जाताना, आणि मार्गी झाल्यावर जानेवारी 2024 च्या शेवटी पुन्हा. तिच्या सूर्यावरची शनीची युती तिथे आटोपली. धाकटीच्या 27 अंशांवर तेव्हा काहीच नव्हतं. तिची पाळी एप्रिल 2025 च्या अखेरीस आली, मग ऑक्टोबरच्या मध्याला आणि जानेवारी 2026 च्या मध्याला. एकच ग्रह, एकच रास, आणि मधे जवळजवळ दोन वर्षांचं अंतर. यानंतर शनी त्या अंशांवर यायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतील.

इथवर फक्त तारीख पुरली, कारण सूर्य दिवसाला सुमारे एकच अंश सरकतो. पण हा शनी आयुष्याच्या कुठल्या कप्प्यात चालला आहे, ते लग्नावरून ठरतं. धाकटीचं लग्न मिथुन असेल, तर मीन तिचं दशमस्थान आणि बोलणं नोकरीवर येईल. तूळ असेल तर षष्ठस्थान, म्हणजे तब्येत, कर्ज, रोजची कटकट. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते आणि लग्नाचा अंश चार मिनिटांनी. ‘पहाटे, दूधवाला यायच्या सुमारास’ एवढ्यावर जो लग्नाचे अंश सांगतो, तो अंदाज सांगतो आहे. आमच्या आत्तेची जन्मवेळ तीन जणांनी तीन वेगळ्या सांगितल्या आहेत. तिच्या बाबतीत मी लग्नाला हातच लावत नाही, सूर्य आणि इतर संथ ग्रह एवढ्यावर थांबतो. चंद्रसुद्धा जपूनच, कारण तो तासाला अर्धा अंश चालतो.

आता तुम्हाला कदाचित न आवडणारी गोष्ट. अंश काढले म्हणून भाकीत खरं ठरत नाही. शनी 27 अंशांवर कधी असेल हे गणित पक्कं आहे, पण त्यामुळे धाकटीच्या नोकरीत काही घडेल याला वैज्ञानिक पुरावा नाही. उलट माणूस किती सहज फसतो याचा आहे. बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना ‘तुमचं खास विश्लेषण’ म्हणून प्रत्येकाला एकच मजकूर दिला. त्यातली बरीच वाक्यं ज्योतिषाच्या स्वस्त पुस्तकातून उचललेली होती. विद्यार्थ्यांनी त्याला अचूकतेसाठी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. प्रयोग 1949 मध्ये प्रसिद्ध झाला. पैसे मोजून, समोर बसून ऐकलेलं वाक्य तर आणखीनच आपलं वाटतं, आणि मी स्वतः या खुर्चीत बसतो तेव्हा हे मला समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतं. ‘तुमच्यावर जबाबदारी वाढली आहे ना?’ म्हटलं की पस्तिशीतला कुठलाही माणूस मान हलवतो.

तेव्हा पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा: गोचरीचा कुठला ग्रह, तो माझ्या पत्रिकेतल्या कुठल्या ग्रहावर किंवा बिंदूवर, आणि तो योग किती तारखेला पूर्ण अंशात येतो. उत्तर ‘शनी मीनेत आहे, जरा जड जाईल’ एवढंच मिळालं, तर तो तोच तीस शब्दांचा रकाना आहे, फक्त महाग. आणि तो सायन धरतो की निरयन, हेही विचाराच. आपल्या पंचांगात शनीचा मीन प्रवेश मार्च 2025 चा आहे, दोहोंत सुमारे 24 अंशांचा फरक. ज्याला हा फरक विचारल्यावर राग येतो, त्याच्याकडून मी तरी पत्रिका पाहून घेणार नाही.