कंट्रोलच्या आलेखावर सगळे ठिपके मधल्या रेषेलाच चिकटतात

प्रश्न: सांगलीत आमची छोटी लॅब आहे. ग्लुकोज कंट्रोलच्या पत्रकावर ८३ ते ११३ रेंज आहे, त्यावरूनच लेव्ही-जेनिंग्ज चार्ट काढला. एकही ठिपका बाहेर जात नाही. बरोबर आहे ना?

उत्तर: नाही. पत्रकावरची रेंज अनेक लॅबची मिळून असते, म्हणून ती ऐसपैस असते. चार्टला स्वतःच्या मशीनची एसडी लागते.

रोज एक याप्रमाणे २० दिवसांची रीडिंग घ्या. समजा बेरीज १९६० आली, तर सरासरी ९८. प्रत्येक रीडिंगमधून ९८ वजा करून वर्ग करा. वर्गांची बेरीज १७१ आली, तर तिला २० ने नव्हे, १९ ने भागा: ९. वर्गमूळ ३, हीच एसडी. एक्सेलमध्ये `STDEV.S` वापरा, `STDEV.P` नको. सीव्ही म्हणजे ३ भागिले ९८ गुणिले १००, साधारण ३.१ टक्के.

आता ९८ वर मधली रेषा, ९२ आणि १०४ वर दोन एसडीच्या, ८९ आणि १०७ वर तीन एसडीच्या. उद्या १०८ आलं तर पत्रकाच्या हिशेबात ते आतच. तुमच्या चार्टवर मात्र तीन एसडीच्या बाहेर, म्हणजे पेशंटचे रिपोर्ट थांबवायचे.

हिशेब करताना ९२-१०४ बाहेरची रीडिंग गाळायचा मोह होतो. तसं केलं की एसडी खोटी लहान होते आणि चार्ट उगीच ओरडत बसतो. बुडबुडा, चुकीची वायल असं ठोस कारण सापडलं तरच रीडिंग काढा, आणि ते रजिस्टरमध्ये लिहा. कंट्रोलचा लॉट बदलला की सरासरी नव्याने काढावी लागते.