ट्रॅक्टर तासाला खरा कितीला पडतो?

प्रश्न: ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे, मोहोळ भागात भाड्यानं रोटर मारतो. डिझेल आणि ड्रायव्हर वजा जाता उरतो तो नफाच ना?

नाही. आठ लाखांचा ट्रॅक्टर दहा वर्षांनी तीन लाखांना गेला असं धरा. घसारा वर्षाला ५० हजार, अडकलेल्या पैशाचं व्याज साधारण ५५ हजार, विमा वगैरे १५ हजार. ड्रायव्हर महिना १५ हजारांवर बारमाही असेल तर १ लाख ८० हजार. झाले तीन लाख, ट्रॅक्टर दारात उभा असला तरी.

चालताना रोटरला तासाला सहा लिटर डिझेल, ९० रुपयांनी ५४०. ऑइल, टायर, पाती, दुरुस्तीचे १२० धरा.

वर्षाला हजार तास चालला तर तास ९६० रुपयांना पडतो. सहाशेच तास चालला तर ११६०. हा २०० रुपयांचा फरक निव्वळ रिकाम्या महिन्यांचा आहे आणि हिशोबात नेमका तोच सुटतो. म्हणून गाळप हंगामात उसाची ट्रॉली मिळाली तर बघा. ट्रॉलीचा खर्च मात्र वेगळा धरा.

डिझेल अंदाजानं लिहू नका. टाकी काठोकाठ भरा, दोन-तीन तास रोटर मारा, परत काठोकाठ भरा. वेळ घड्याळावर मोजा. जुन्या ट्रॅक्टरचा तासमीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, कमी रेसवर मागं पडतो.