सांबा, बोसा नोव्हा आणि पहिल्या मात्रेवरची रिकामी जागा

प्रश्न: गिटारवर बोसा नोव्हाचा पॅटर्न बसवलाय. मेट्रोनोमबरोबर अगदी जुळतो, पण डुलत नाही, कवायत वाटते. सांबा आणि बोसामध्ये असं काय असतं की ते इतकं निवांत आणि झुलतं वाटतं?

उत्तर:

गिटार थोडा वेळ बाजूला ठेवा आणि रिओच्या कुठल्याही सांबा स्कूलचं ढोलपथक ऐका. त्यात सगळ्यात खोल आवाजाचा मोठा ढोल असतो, त्याला सुर्दो म्हणतात. सांबा दोन मात्रांचा असतो आणि सुर्दोचा भरदार, घुमणारा ठोका पडतो दुसऱ्या मात्रेवर. पहिल्या मात्रेवर एकतर हातानं दाबलेला बोथट आवाज येतो, नाहीतर वरच्या सुराचा दुसरा सुर्दो हलकं उत्तर देतो.

आपला कान इथेच फसतो. वजन जिथे पडतं तिथे सम, ही सवय आपल्याला लहानपणापासून लागलेली असते. मी स्वतः बरेच महिने त्या जड ठोक्यालाच 'एक' समजत होतो. त्यामुळे सगळं वादन ऐकू यायचं, पण उलटं बसायचं. जड ठोक्याला 'दोन' म्हणायला लागलात की अंगात लगेच फरक जाणवतो. 'एक'वर पाय टेकतो पण भार पडत नाही, भार पडतो 'दोन'वर. मग पुन्हा वर यावंच लागतं. झोका आहे तो हा.

पांदेइरो नावाच्या डफासारख्या वाद्यात हेच जवळून दिसतं. उजवा हात एका मात्रेत चार आघात करतो: अंगठा, बोटांची टोकं, तळव्याची टाच, पुन्हा बोटांची टोकं. ही साखळी तुटत नाही. पण पहिल्या मात्रेच्या अंगठ्याला डाव्या हाताचं बोट खालून चामड्याला टेकलेलं असतं, म्हणून आवाज बंद येतो. दुसऱ्या मात्रेला ते बोट सुटतं आणि चामडं घुमतं. उजव्या हाताची हालचाल तीच राहते. चढउतार होतो तो डाव्या हाताच्या एका बोटामुळे.

आता बोसा. १९५८ मध्ये गायक-गिटारवादक जुआंव जिल्बेर्तोची 'शेगा द साउदाद' ही रेकॉर्ड आली. चाल अंतोनियो कार्लोस जोबिमची, शब्द विनिसियुस द मोराइसचे. जिल्बेर्तोनं केलं असं की अख्खं पथक एका हातात आणलं. अंगठा सुर्दो झाला. बाकीची तीन बोटं एकत्र छेडून तो तांबोरिमचं काम करतो. तांबोरिम म्हणजे काठीनं वाजवायचा तळहाताएवढा ढोल, तुटक आणि ऑफबीट बोलणारा. बाकी वाद्यांचा गोंगाट त्यानं वगळला, म्हणून बोसा म्हणजे हलक्या आवाजात सांगितलेला सांबा वाटतो.

तुम्ही बसवलेला साचा बहुधा हाच असेल. एका मात्रेचे चार भाग 'त क दि मि' असे म्हणा. बोटं पडतात पहिल्या मात्रेच्या 'त' आणि 'मि'वर, दुसरीच्या 'दि'वर, तिसरीच्या 'दि'वर आणि चौथीच्या 'क'वर, आणि प्रत्येक 'त'वर अंगठा:

त क दि मि | त क दि मि ‖ त क दि मि | त क दि मि

अंगठ्याचे चार ठोके आहेत, बोटांचे पाच. दोघांची गाठ पडते फक्त पहिल्या 'त'वर. त्यानंतर बोटं कधी अंगठ्याच्या एक भाग आधी येतात, कधी दोन मात्रांच्या अगदी मधोमध, कधी एक भाग उशिरा. बोटांमधली अंतरं मोजा: ३, ३, ४, ३, ३. खाली अंगठा चार-चारच्या पावलांनी चाललाय आणि वर बोटं बहुतेक तीन-तीननं. तीनची चाल दर वेळी चारवरून थोडी घसरते, मधला एकच ४ तिला सावरतो आणि सोळा भागांनंतर दोघं पुन्हा भेटतात. कुठेही दणका नाही, कारण दोघं मिळून एका जागी क्वचितच पडतात. निवांतपणाचं मोठं कारण हे आहे. संथ लय हे कारण पुरेसं नाही, कारण हाच साचा बराच जलद वाजवला तरी सैलच वाटतो.

दुसरी खुबी कॉर्ड बदलताना. नवा कॉर्ड पुष्कळदा पुढच्या 'त'ची वाट बघत नाही, आधीच्या 'मि'वरच येतो आणि तसाच घुमत राहतो. मग 'त'वर नुसता अंगठा ऐकू येतो. कानाला बातमी आधीच मिळालेली असते, म्हणून मात्रा आदळत नाही, ती हळूच खाली बसते. जिल्बेर्तो हा साचा शेवटपर्यंत जसाच्या तसा वाजवत नाही. एखादा ठोका गाळतो, दुसरा सरकवतो. अंगठा मात्र जागचा हलत नाही. जिल्बेर्तोचा गाण्याचा आवाज या स्थिर अंगठ्यावर कधी मागे रेंगाळतो, कधी पुढे जातो, कंपन न घेता, जवळजवळ बोलल्यासारखा. खालचा पाया इतका पक्का असतो म्हणूनच त्याला हे परवडतं.

सांब्यात आणखी एक गोष्ट आहे, ती नोटेशनमध्ये उतरत नाही. ते चार भाग समान नसतात. साधारणपणे तिसरा आणि चौथा भाग किंचित लवकर येतो, त्यामुळे चौथ्यानंतर पुढच्या मात्रेपर्यंत जरा जास्त जागा उरते. 'मि' लवकर म्हणून क्षणभर थांबा आणि मग 'त'वर या, म्हणजे कळेल. जॅझचा लांब-आखूड झोका हा नव्हे. तो इथे आणलात तर सांबा लंगडतो. बोसाच्या गिटारमध्ये हा फरक खूप कमी असतो, भाग बरेचसे सरळच पडतात, म्हणून तुमच्या अडचणीचं मूळ मी तिथे शोधणार नाही.

मूळ बहुतेक अंगठ्यात आहे. फोनवर एक मिनिट रेकॉर्ड करा आणि फक्त खालची तार ऐका. 'मि'वर बोटं पडताना अंगठाही त्यांच्यामागे ओढला जातोय का? किंवा पुढच्या 'त'वर अंगठा गायबच होतोय का? सुरुवातीला बहुतेकांचं हेच होतं, कारण दोन्ही एकाच हाताचे आहेत. मेट्रोनोमशी तरीही जुळतं, कारण बोटांचे ठोके बरोबर पडत असतात.

उपाय संथ आहे. मेट्रोनोम ६० वर ठेवा, एक ठोका म्हणजे एक मात्रा. अमेरिकन पुस्तकांत बोसा बहुधा चारच्या मापात लिहिलेला असतो, ते चार ठोके मोजत वाजवलं की हात आपोआप चारही ठिकाणी जोर देतो. ब्राझीलमध्ये तो दोनच्या मापात लिहितात, तसाच मोजा. आधी फक्त अंगठा: पहिला हलका, दुसरा थोडा भरीव. मग तोंडानं 'तकदिमि' चालू ठेवून बोटांचा एकेक ठोका मिळवत जा, सगळ्यात आधी पहिल्या मात्रेतला 'मि'. बोटं अंगठ्यापेक्षा मोठी वाजू देऊ नका.

बसलंय की नाही हे ओळखायला साचा चालू ठेवून कुणाशी तरी दोन वाक्यं बोला. बोलताना अंगठा अडखळला तर अजून थोडे दिवस ६० वरच राहा.