दुसऱ्या वर्षाच्या वॉरंटीचा भाव कसा काढावा?

प्रश्न: "तालुक्याला टीव्हीचं छोटं दुकान आहे. कंपनीची एक वर्षाची वॉरंटी संपल्यावर पुढचं एक वर्ष दुकानाची वॉरंटी द्यायची आहे. बत्तीस इंची बारा हजाराला जातो. किती घेऊ? सगळे म्हणतात पाच टक्के लाव."

पाच टक्के कुठून आले, ते सांगणाऱ्यालाही माहीत नसतं. तुमची जॉब कार्डं काढा आणि फक्त दुसऱ्या वर्षात आलेले सेट मोजा. भागायचं ते विकलेल्या एकूण सेटनी.

समजा दोनशे विकले, चौदा बिघडले. त्यातले अकरा बॅकलाइट पट्टी किंवा पॉवर सप्लाय बोर्डचे, मजुरीसकट सरासरी १,३०० रुपये. तिघांचं पॅनेल गेलं. पॅनेल बदलणं परवडत नाही, म्हणून घसारा वजा करून प्रत्येकी ७,००० द्यायचे. एकूण ३५,३०० झाले, म्हणजे सेटमागे सुमारे १७७. सेटटॉप बॉक्सची वायर निघालेली असते तरी माणूस पाठवावा लागतो, त्याचे पंधरा धरा. झाले १९२.

पण प्लॅन घेतो कोण? ज्याच्याकडे व्होल्टेज खालीवर होतं, तो आधी. म्हणून मी दीडपट धरतो, २८८. पोराचं कमिशन आणि कागदपत्रांचे शंभर. साठच प्लॅन विकले तर एक पॅनेल जास्त गेलं की प्रत्येकावर ११७ चा बोजा येतो, तोही आत घ्या. ५०५ झाले, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९९ ला विका. योगायोगाने पाच टक्क्यांच्या जवळ आलं, पण मोठ्या सेटला पॅनेलचा भाव वेगळा, तिथे हे गणित पुन्हा मांडा.

माझं सगळ्यात जास्त नुकसान मात्र बिघाडाच्या संख्येने झालं नाही. एका कंपनीच्या सर्व्हिस ऑफिसने "पार्ट मिळत राहतील" असं तोंडी सांगितलं आणि दुसऱ्या वर्षी साधा बोर्डही द्यायला तयार नव्हतं. बाहेरच्या दुकानदाराला देत नाही, मॉडेल बंद झालं, साहेब रजेवर, हेच चालू. तेराशेच्या कामाला सात हजार मोजावे लागले, तेही गिऱ्हाइकाची बोलणी खाऊन. पार्ट देण्याचं लेखी असल्याशिवाय त्या ब्रँडवर प्लॅन विकूच नका, असं माझं ठाम मत आहे. नाही तर पार्ट न मिळाल्यास घसारा वजा किंमत देऊ, हे कार्डावर ठळक छापा. वीज पडणं आणि फुटलेली स्क्रीन वगळल्याचंही मराठीत लिहा.

मी सीए नाही, करार एकदा तुमच्या सीएला दाखवा. सेवेच्या आगाऊ रकमेवर जीएसटी लगेच लागतो आणि खर्च वर्षाने येतो, त्यामुळे उरलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, गल्ल्यात नको. आणि विकतानाच सेटच्या मागच्या सिरीयल नंबरचा फोटो काढून ठेवा, भावाचा टीव्ही घेऊन येणारेही असतात.