आठवडे बाजारात भाव विचारू नका, वार विचारा

"मी खानदेशातल्या एका गावात सातवीला शिकवतो. मागच्या वर्षी मुलांना आठवडे बाजारात नेलं. मुलं भाव लिहून आली, दुसऱ्या दिवशी निबंध लिहिला आणि विषय संपला. बाजारभेटीतून सामाजिक शास्त्राचं खरं काम कसं काढायचं? नंतर वर्गात काय घ्यायचं?"

मीही आधी दोन वर्षं भावच लिहून आणायला लावले. वांगी इतक्याला, मेथीची जुडी इतक्याला. मुलांना ते घरी आईकडूनही कळलं असतं. शिवाय भावानंतर मुलं आपसूक "नफा किती सुटतो?" असं विचारतात. गिऱ्हाईक समोर असताना हे विचारलं की विक्रेता एकतर चिडतो, नाहीतर काहीतरी आकडा सांगून मोकळा होतो. त्या आकड्यावर वर्गात काहीच उभं राहत नाही.

आता मी प्रत्येक विक्रेत्याला तीनच प्रश्न ठेवतो: माल कुठून आणला? काल कोणत्या बाजारात बसला होता? उद्यापासून आठवडाभर कुठे कुठे बसणार? यात लपवण्यासारखं काही नसतं, म्हणून उत्तरं खरी मिळतात. मुलं घरी अहिराणी बोलत असतील तर बाजारातही तीच बोलू द्या. वहीतलं पुस्तकी मराठी वाक्य वाचून दाखवणाऱ्या मुलाला तुटक उत्तर मिळतं, आणि अहिराणीत विचारत बसलेल्या मुलाशी मावशी स्वतःहून बोलायला लागते.

आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, बाजार गुरुवारी. वर्गात २८ मुलं होती. चार-चारांचे सात गट केले आणि बाजाराच्या सात ओळी वाटून दिल्या, म्हणजे एकाच माणसाला दोनदा विचारलं जात नाही. प्रत्येक गटाने चार विक्रेते गाठायचे. वेळ सकाळी दहाची, माल मांडून झालेला आणि गर्दी अजून नाही अशी. दुपारनंतर जाऊ नका. मजुरांच्या हातात आठवड्याची मजुरी त्याच दिवशी पडते, चार वाजल्यापासून बाजार भरतो आणि कुणाला बोलायला फुरसत राहत नाही. विक्रेत्यांची नावं लिहायची नाहीत आणि फोटो काढायचे नाहीत, हे निघण्याआधीच ठरवलं होतं.

२८ विक्रेत्यांपैकी ११ जणांनी "काल शेतात होतो" किंवा "घरीच" असं सांगितलं. एका गटाने या ओळी कोऱ्या ठेवल्या होत्या, कारण त्यांना वाटलं उत्तरच मिळालं नाही. इथे तुम्हाला थांबवावं लागेल. "घरी" हेच उत्तर आहे. हे लोक शेतकरी, किंवा डोंगरातून डिंक, आमचूर, गावठी कोंबड्या घेऊन उतरलेले आदिवासी. आपल्याकडचं जास्तीचं विकायला ते येतात आणि तेल-मीठ घेऊन परत जातात. उरलेले १७ बाजार फिरणारे. रोज नवं गाव, माल विकत घेऊन विकायचा. दोघंही शेजारी पथारी टाकून बसतात, त्यामुळे नुसतं बघून फरक कळत नाही.

खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं. तालुक्याचा नकाशा मोठ्या कागदावर उतरवा, बाजाराच्या गावांवर टाचण्या लावा आणि टाचणीखाली वार लिहा. मग एकेका विक्रेत्याचा आठवडा दोऱ्याने जोडा. आमच्याकडे सगळ्यात लांब दोरा बांगड्यावालीचा निघाला: आठवड्यात सहा बाजार आणि सातव्या दिवशी माल भरायला जळगाव. मसालेवाल्याचा दोराही जवळजवळ त्याच गावांतून गेला. मुलांनी न सांगता पाहिलं की लागून असलेल्या दोन गावांचा बाजार एकाच वारी नाही. फक्त एक जोडी तशी सापडली, दोन्ही मंगळवारची. नकाशावर ती जवळ दिसत होती, पण मध्ये तापी होती आणि पुलावरून जायचं तर बराच वळसा. एका मुलीने तो रस्ता बोटाने फिरवून दाखवला, तेव्हा नकाशावरचं अंतर आणि माणसाचं अंतर यातला फरक मला वेगळा शिकवावा लागला नाही.

मग मी विचारलं, ही बांगड्यावाली आपल्याच गावात रोज दुकान का मांडत नाही? मुलं म्हणाली, भाडं परवडत नसेल. ते पुरेसं नव्हतं, म्हणून फळ्यावर हिशेब केला. गावात घरं अंदाजे ९००. एका घरात वर्षातून तीनदा बांगड्या भरल्या जातात असं मुलींनीच ठरवलं, आणि सगळे तिच्याकडेच येतात असं धरलं. म्हणजे वर्षाला २,७०० गिऱ्हाइकं. रोज बसली तर दिवसाला सात-आठ. आठवड्यातून एकदाच आली तर ५२ आठवड्यांत तीच २,७०० गिऱ्हाइकं वाटली जातात, म्हणजे दर बाजाराला सुमारे ५२. सात गिऱ्हाइकांवर दिवस निघत नाही, बावन्नवर निघतो. आणि अशी सहा गावं जोडली की तिचा आठवडा भरतो. भाजीचा हिशेब याच रीतीने करायला लावा. ती घरात रोज लागते, म्हणून मोठ्या गावात भाजीवाला रोज बसू शकतो. कोणती वस्तू रोज मिळेल आणि कोणती आठवड्याने, हे मुलं इथून पुढे स्वतः सांगतात.

हिशेबात एक कच्चा दुवा आहे, तोही मुलांपुढे ठेवा. मोटारसायकल आली तशी माणसं तालुक्याला जाऊन खरेदी करू लागली, म्हणजे ९०० घरं आता पूर्ण ९०० राहिली नाहीत. पाठपुराव्याचं घरचं काम यातूनच दिलं: आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी बाजारात काय मिळायचं जे आता मिळत नाही? उत्तरं एकसारखी येत नाहीत आणि त्यावर वर्गात वाद होतो. तो होऊ द्या.

नागरिकशास्त्रासाठी एक पावती पुरते. बाजारात बसायचे पैसे घेऊन पावती फाडणारा माणूस कोण, ते पैसे कुठे जातात, हा प्रश्न घेऊन एक गट ग्रामसेवकाकडे गेला. बाजार वसुलीचा ठेका लिलावाने दिला जातो हे त्यांना तिथे कळलं. मग त्यांनी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला की बाजाराच्या जागेत पिण्याच्या पाण्याची सोय नाही. अर्जाची पोच घ्यायला मात्र सांगा, नाहीतर उत्तराची वाट कशावर बघणार?

आणखी एक गोष्ट बाजारात नसल्यामुळे शिकवता आली. आमचा भाग केळीचा, आणि गुरुवारच्या बाजारात केळीची एकच हातगाडी. मुलं गोंधळली. बागेतली केळी कापली की ट्रकमध्ये भरून थेट उत्तर भारतात जाते, आठवडे बाजाराची पायरी तिला लागतच नाही. रावेर-यावलकडे असाल तर हे मुलांना रस्त्यावरच्या ट्रकांवरून दाखवता येईल.

या सगळ्याला पाच-सहा तासिका लागतात. जमलं तर दुसरी भेट आखाजीच्या आधीच्या बाजाराला ठेवा. सासुरवाशिणी माहेरी यायच्या असतात, त्या आठवड्यात बांगड्यांच्या ओळीत नेहमीपेक्षा जास्त पथाऱ्या दिसतील. नव्या बायकांना तेच विचारा, काल कुठे होता. आमच्या वर्गाने त्या दिवशी नकाशावर तीन दोरे वाढवले, आणि त्यातले दोन तालुक्याच्या कागदाबाहेर गेले. शेजारी दुसरा कागद चिकटवावा लागला.