तबला शिकणाऱ्या मैत्रिणीला जुलैत काय द्यावं?

प्रश्न: मैत्रीण मे महिन्यापासून तबला शिकतेय, क्लास फोंड्याला. जोडी सरांनीच घेऊन दिलीय. जुलैत तिचा वाढदिवस आहे. दोन हजारांपर्यंत काहीतरी उपयोगी द्यायचंय, पण मला तबल्यातलं काही कळत नाही.

उत्तर:

जुलै म्हणालात, म्हणून आधी हातोडी. आपल्याकडच्या पावसात पुडीचं, म्हणजे तबल्याच्या तोंडावर ताणलेलं कातडं हवेतला ओलावा शोषून सैल होतं आणि तबल्याचा स्वर उतरतो. मे महिन्यात सरांनी काळी एक या स्वराला लावून दिलेला तबला जुलैत त्याखालच्या पांढरी एकवर आला असेल, आणि तोही सगळीकडे सारखा नाही. एका बाजूला वाजवलेला 'ना' हा बोल खणखणीत आणि समोरच्या बाजूचा बसका. नवशिक्याला वाटतं आपलं बोट चुकतंय, आणि तो जोर लावून वाजवायला लागतो. ही सवय एकदा लागली की हात मोकळा करायला फार वेळ जातो. म्हणून तबला स्वतः लावता येणं हे कायदे-रेले अशा रचनांच्या आधी यायला हवं.

हातोडी तबल्याचीच घ्या, वाद्यांच्या दुकानात मिळते. खिळे ठोकायच्या हातोडीची धार गजऱ्याची, म्हणजे पुडीभोवतीच्या कातडी वेणीची, वीण कापते. लावायची पद्धत अशी: मोबाईलवर काळी एकचा तानपुरा सुरू करायचा, आणि चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेच्या पट्टीवर, वाद्यांच्या जागा म्हणजे घरं असतात त्या सोळाही घरांपाशी एकेक 'ना' वाजवत फिरायचं. जिथे उतरलेला ऐकू येईल तिथे गजऱ्यावर वरून हलका ठोका द्यायचा, मग बरोबर समोरच्या घरापाशी ऐकायचं, कारण एक बाजू ताणली की समोरचीही हलते. चढला असेल तर गजऱ्यावर खालून ठोका. सगळाच तबला उतरला असेल तर आधी वाद्यांखाली अडकवलेले लाकडी गट्टे थोडे खाली ठोकायचे आणि मग गजऱ्याने बारीक सुधारायचं. ठोका पुडीवर पडता कामा नये. पहिल्यांदा हे सरांसमोरच करायला सांगा.

ट्यूनर मात्र देऊ नका. गिटारला चालतो, तबल्यावर फसवतो. 'ना' मध्ये मूळ स्वरासोबत त्याच्या पटीतले स्वरही जोरात वाजतात. पुडीच्या मधल्या काळ्या गोलामुळे, म्हणजे शाईमुळे हे घडतं, आणि सी. व्ही. रामन यांनी १९२० साली यावर लिहिलं होतं. त्यामुळे ट्यूनर कधी षड्जाऐवजी पंचम दाखवतो आणि शिकणारी गोंधळून भलतीकडेच ठोकत बसते. तानपुऱ्याशी जुळवून ऐकलं की कानही तयार होतो.

दुसरी भेट एक छोटा ब्लूटूथ स्पीकर. रियाजाला नुसता मेट्रोनोम पुरत नाही. टिकटिक सगळी सारखीच, सम म्हणजे तालाची पहिली मात्रा कुठे आली ते त्यात कळत नाही. तीनतालाचा लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनात फिरत राहणारी धून, लावला की सोळा मात्रांची ओळ कानात बसते आणि सम आपोआप सापडते. लेहऱ्याची अ‍ॅप्स आहेत, पण तबल्या-डग्ग्यावर मिळून 'धा' पडला की मोबाईलचा आवाज बुडतो आणि ती अंदाजाने वाजवायला लागते. स्पीकर तिच्या डाव्या बाजूला, कानाच्या उंचीवर ठेवायला सांगा. लय सुरुवातीला मिनिटाला साठ मात्रा, तिथे तिरकिट स्वच्छ आलं तरच पुढे.

पैसे उरले तर सुती गवसणी आणि सिलिका जेलची पाकिटं. पावसात रेक्झिनच्या पिशवीत जोडी बंद करून ठेवली की पुडीवर पांढरी बुरशी धरते; सुती कापड श्वास घेऊ देतं. रियाज झाला की घामाचा हात लागलेली पुडी कोरड्या कपड्याने पुसायची, थोडा वेळ उघडी ठेवायची, मग गवसणी. टाल्कम पावडर चिमूटभरच, जास्त झाली की शाईवर थर बसतो आणि आवाज मंद होतो. चवथीला घुमट या वाद्याचं कातडं ऊब देऊन ताणतात ते पाहून कुणी तबला चुलीपाशी किंवा उन्हात ठेवायचा सल्ला देईल. तो ऐकू देऊ नका. घुमटाला शाई नसते. तबल्याची शाई लोखंडाच्या चुऱ्याची आणि खळीची, ती उष्णतेने तडकते, आणि तडकलेल्या शाईला बहुतेकदा पुडी बदलण्याशिवाय इलाज नाही.

तबल्याखालची चुंबळही पाहून घ्या. जुनी दबून चपटी झाली असेल तर तबला डुगडुगतो आणि ती हाताच्या तळव्याने तो दाबून धरायला लागते. नवी, घट्ट कापसाची जोडी स्वस्तात मिळते.

जास्तीची पुडी मात्र सरप्राइज म्हणून आणू नका. तबल्याच्या तोंडाचं माप इंचात मोजून, लाकडी खोडाला बसेल अशीच घ्यावी लागते, आणि ती चढवायला कारागीरच लागतो. पुडी खरंच गेली असेल तर तबला कारागिराकडे नेऊन द्या आणि खर्च तुम्ही करा.