आजीच्या तोंडचं वऱ्हाडी वाक्य पुण्याच्या वाचकाला कळेल असं कसं लिहू?

"माझ्या कथेत आजी नातवाला म्हणते, 'काहून रडून राहिला रे बाप्पा? डोयाले पाणी लाव, अन् उद्या वावरात येजो.' पुण्याच्या मैत्रिणीला हे कळलं नाही. प्रमाण मराठीत लिहिलं तर आजी आजीच राहत नाही. काय करू?"

मी अकोल्याकडचा, त्यामुळे वाक्य वाचताक्षणी आजी दिसली. तिला वाचवता येईल, पण आधी मैत्रीण नेमकी कुठे अडली ते बघा. माझा अंदाज, 'डोयाले'पाशी. आपल्याकडे 'ळ'चा 'य' होतो. बोलताना त्याने काही बिघडत नाही, पण कागदावर शब्दाचा चेहराच बदलतो. 'काळा'चं 'काया' लिहिलं की परका वाचक त्याचा अर्थ शरीर असा घेतो. म्हणून इथे 'ळ' परत आणा आणि 'ले' तसाच राहू द्या: 'डोळ्याले'. मूळ शब्द ओळखू आला की 'मले', 'तुले', 'डोळ्याले' कुणालाही कळतात, आणि वऱ्हाडी कानाला घर ऐकू येतं ते त्या 'ले'मधूनच. मात्र एकदा ठरवलं की आजीच्या सगळ्या संवादांत तेच ठेवा, नाहीतर ती छपाईची चूक वाटते. कथेत तिच्या उच्चाराला कुणी हसत असेल, तर 'य'च हवा.

'येजो'ला मात्र हात लावू नका. 'ये' म्हणजे आत्ता ये. 'येजो' म्हणजे उद्या, सवडीनं, आठवणीनं ये. आजीची सगळी माया त्या 'जो'त आहे, आणि शेजारी 'उद्या' असल्यामुळे अर्थ लागतोच. 'रडून राहिला' तर कुणालाही कळेल.

राहिले 'काहून' आणि 'वावर'. कंसात अर्थ देऊ नका, कंस आला की आजीचं बोलणं तुटतं. 'काहून'चा अर्थ नातवाच्या उत्तरातून येऊ द्या: "मास्तरानं मारलं." 'वावरात येजो'च्या पुढे 'निंदायले' जोडा. पुढच्या परिच्छेदात निवेदकाला म्हणू द्या, "दुसऱ्या दिवशी शेतात पोचलो, तेव्हा आजी वाकून निंदत होती." वाक्य असं होईल:

"काहून रडून राहिला रे बाप्पा? डोळ्याले पाणी लाव, अन् उद्या वावरात येजो निंदायले."

एक चूक मी स्वतः केली आहे. भाषा जास्त गावरान वाटावी म्हणून एका कथेत मी 'न्हाई' आणि 'आमास्नी' पेरलं होतं. ते सातारा-कोल्हापूरकडचं. वऱ्हाडातली बाई 'आमाले' म्हणते. एकाच तोंडात दोन्ही आलं की माणूस कुठल्याच गावचा राहत नाही.

आता हे वाक्य मैत्रिणीला मोठ्याने वाचायला सांगा आणि ती कुठे थबकते तेवढंच टिपा. मग आपल्याकडच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला वाचून दाखवा. 'आमी असं नाई बोलत' असं ती ज्या शब्दावर म्हणेल, तो शब्द बदला.